आधी अक्षर, मग अंधार

रात्री फोनवर वाचून डोळे चुरचुरायला लागले की आपल्याकडे हमखास एकच सल्ला मिळतो: डार्क मोड लाव. पडदा काळा झाला की क्षणभर बरं वाटतंही, आणि विषय तिथेच संपतो. या पुस्तिकेने क्रम उलटा धरला आहे. तिच्यात पहिल्यांदा अक्षराचा आकार येतो, मग खोलीतला उजेड आणि पडद्याची ब्राइटनेस, त्यानंतर डार्क मोड, आणि सगळ्यांत शेवटी पडद्याला पिवळसर छटा देणारी ती सोय, जिला कुठल्या फोनवर `Night Light`, कुठे `Eye comfort shield`, तर कुठे `Reading mode` असं नाव असतं. हा क्रम का, हे सांगणं एवढंच या प्रस्तावनेचं काम. त्यासाठी ती थोडी लांबली आहे.

पुस्तिका बेळगाव-निपाणी भागातल्या वाचकांसाठी लिहिली आहे, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे वाचनाची सवय जुनी. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 सालचं. पण आज रात्री दहानंतर जे वाचलं जातं ते बहुतेक फोनच्या काचेवर, आणि ते एका लिपीतलं नसतं. निपाणीत राहणारा मुलगा अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात जातो, म्हणजे शिकायला रोज कोल्हापूर जिल्ह्यात जातो आणि झोपायला कर्नाटकात परत येतो. त्याच्या पदवीच्या नोट्स मराठीत असतात. नोकरीची परीक्षा कर्नाटकाची द्यायची तर कन्नड वाचावंच लागतं. इंग्रजी दोन्हीकडे आहेच. खानापूर किंवा बेळगावच्या मराठी माध्यमाच्या शाळेतली दहावीची मुलगी कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाचं मराठी पुस्तक पीडीएफमध्ये उघडते आणि लगेच नंतर कन्नडचं. डोळ्यांच्या आरामाविषयी जे सल्ले सगळीकडे फिरतात ते रोमन लिपीतल्या मजकुरावरून आलेले असतात. देवनागरी आणि कन्नड वाचणाऱ्याला ते अर्धेच लागू पडतात.

देवनागरीची अडचण अशी की फोनवर ज्याला आपण फॉन्टचा आकार म्हणतो, त्यातला मोठा भाग मूळ अक्षराच्या वाट्याला येतच नाही. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार. एवढं सगळं एका ओळीत बसवायचं म्हणून शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचा भाग साधारण निम्म्यावर येतो. आणि अर्थ तर बारकाव्यात असतो. ध आणि घ, भ आणि म यांतला फरक म्हणजे एक छोटी गाठ आणि शिरोरेषेतली फट. ‘नदीत’ आणि ‘नदींत’ यांत एका टिंबाचं अंतर. कन्नडमध्ये शिरोरेषा नाही, अक्षरं गोल आणि मोकळी दिसतात, पण तिथेही द आणि ध, ड आणि ढ यांच्यात खाली असलेल्या एका बारीक रेघेचाच फरक असतो, आणि जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन लहान होऊन ओळीच्या खाली लटकतं. ज्याची कन्नड ही मातृभाषा आहे तो ते ओत्तक्षर नीट न पाहताही शब्द ओळखतो, कारण शब्दाचा एकूण आकारच त्याच्या ओळखीचा असतो. मराठी घरातल्या, शाळेत कन्नड शिकलेल्या मुलाला ही सवलत नसते. तो अक्षर अक्षर पाहतो. म्हणून त्याच फोनवर, त्याच प्रकाशात, त्याच मुलाला कन्नडसाठी मराठीपेक्षा मोठं अक्षर लागतं. हे फारसं कुणी सांगत नाही. करून पाहिलं की लगेच कळतं.

अक्षर लहान असलं की माणूस काय करतो? फोन जवळ घेतो. डोळ्यांच्या थकव्याची सुरुवात खरी तिथून होते. डोळ्यातलं भिंग जवळचं पाहण्यासाठी फुगतं, आणि ते किती फुगावं लागतं याचा हिशोब सोपा आहे: शंभराला सेंटिमीटरमधल्या अंतराने भागायचं. 40 सेंटिमीटरवर धरलेल्या फोनसाठी अडीच डायॉप्टर, म्हणजे चष्मेवाल्याच्या भाषेत अडीच नंबरचं काम. 20 सेंटिमीटरवर तेच पाच होतं. अंतर निम्मं केलं की काम दुप्पट. भिंगाची एकूण ताकद वयाप्रमाणे घटत जाते. विशीत ती दहा-बारा डायॉप्टर असते, पंचेचाळिशीला चार-पाचावर येते. नेत्रतपासणीत साधारण नियम असा धरतात की एकूण ताकदीच्या निम्मी वापरात राहिली तर माणूस तासन्‌तास वाचू शकतो. त्याहून जास्त लागली की कपाळ दुखतं, अक्षरं पुसट होतात, आणि मान वर करून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं तर काटे क्षणभर धूसर दिसतात. ही शेवटची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. वाचताना मध्येच लांब पाहिलं आणि नजर स्थिरावायला वेळ लागला, तर फोन फार जवळ आहे. डार्क मोड लावून यात काही फरक पडत नाही.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. निपाणीतला तो मुलगा एका रात्री ए-फोर कागदावरच्या, स्कॅन केलेल्या मराठी नोट्स वाचतो आहे. मूळ कागद 21 सेंटिमीटर रुंद, अक्षर बारा पॉइंटचं. त्याच्या फोनचा पडदा उभा धरला तर जेमतेम सात सेंटिमीटर रुंद. पान पडद्यावर पूर्ण बसवलं म्हणजे तिपटीने लहान झालं. बारा पॉइंटचं अक्षर चार पॉइंटचं झालं. मूळ अक्षराची उंची पाऊण मिलिमीटरच्या आसपास राहिली. हे वाचायला तो फोन वीतभर अंतरावर आणणार, म्हणजे पाच डायॉप्टर. त्याचं वय वीस. त्याची ताकद दहा-बारा असल्याने तो कसाबसा निम्म्यात बसतो, म्हणून त्याला पहिला तासभर काही जाणवत नाही. डोळे दुखायला लागतात ते नंतर, आणि तोवर त्याने दोष पडद्याच्या पांढरेपणाला दिलेला असतो.

तो फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन `Font size` वाढवतो. नोट्सवर काहीच परिणाम होत नाही, कारण स्कॅन म्हणजे फोटो, आणि फोटोतल्या अक्षराला फोनची सेटिंग लागू पडत नाही. इथे बरेच जण हात टेकतात. पण उपाय सेटिंगमध्ये नसला तरी हातात आहे. फोन आडवा करायचा. आता रुंदी सुमारे 15 सेंटिमीटर मिळते आणि अक्षर चारावरून साडेआठ पॉइंटवर जातं. पुढची पायरी समासाची. ए-फोर पानाला दोन्ही बाजूंना अडीच-अडीच सेंटिमीटर कोरी जागा असते, म्हणजे मजकूर 16 सेंटिमीटरच रुंद. पान बोटांनी एवढंच वाढवायचं की समास पडद्याबाहेर जातील आणि मजकूर काठाला भिडेल. किंवा समास कापण्याची सोय असलेलं पीडीएफ अॅप वापरायचं. अक्षर आता अकरा पॉइंटच्या वर गेलं, म्हणजे कागदावर होतं जवळजवळ तेवढं. फोन 40 सेंटिमीटरवर राहू शकतो. किंमत एवढीच की एक पान आता तीन-सव्वातीन पडद्यांत वाचावं लागतं. सरकवायचा कंटाळा येतो, हे मान्य. पण भिंगाचं काम निम्म्यावर आलं.

तोच फोन नंतर त्याच्या आईच्या हातात जातो. तिचं वय सेहेचाळीस, चाळिशीचा चष्मा अजून घेतलेला नाही. ती दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, म्हणजे तिची नजर सकाळपासूनच हातभर अंतरावर खिळलेली. तिच्या भिंगाची ताकद चार-साडेचार धरली तर आरामाचा वाटा दोन-सव्वादोनचा, आणि त्याला लागणारं अंतर 45 ते 50 सेंटिमीटर. त्या अंतरावर मुलाचा अकरा पॉइंटही तिला लहान पडतो. तिला सोळा-अठरा पॉइंटच्या जवळ जायला हवं, आणि स्कॅनमध्ये ते जमत नाही. ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला डावी-उजवी सरकवासरकवी सुरू होते, जी वाचनाचा सगळा ओघ मोडते. तिच्यासाठी उत्तर चष्मा आहे. कुठलीही सेटिंग चष्म्याची जागा घेत नाही, हे पुस्तिकेत दोनदा छापलं आहे आणि माझ्या मते ते तिसऱ्यांदा छापलं असतं तरी चाललं असतं.

अक्षर पुरेसं मोठं आहे की नाही हे ओळखण्याची एक पद्धत आहे, तीही कागद-पट्टीशिवाय. तुमच्या नेहमीच्या अंतरावर सगळ्यांत लहान आकाराचं अक्षर लावा, म्हणजे जेमतेम ओळखता येईल असं. आरामात वाचायला त्याच्या किमान दुप्पट, आणि रात्रभराच्या अभ्यासाला तिप्पट आकार लागतो. तरुणांसाठी हीच चाचणी उलटी करता येते: फोन कुणाच्या तरी हातात देऊन नेहमीच्या तिप्पट अंतरावर, म्हणजे साधारण एक मीटरवर उभं राहायचं. ओळ अजून वाचता आली तर आकार बरोबर आहे. जवळच्या चष्म्यातून मात्र ही उलटी चाचणी करू नये. तो चष्मा मीटरभरावर सगळंच धूसर दाखवतो आणि उत्तर चुकीचं येतं. अंतर मोजायलाही पट्टी नको. मूठ गालाला लावा. तुमचं कोपर जिथे येतं तिथे फोन असावा. कोपरापासून मुठीच्या मधल्या सांध्यापर्यंत बहुतेकांचं अंतर 35 ते 40 सेंटिमीटर भरतं.

मजकूर फोटो नसेल तर काम सोपं होतं, पण एका जागी होत नाही. फोनचा `Font size` मेनू आणि निरोप यांना लागू पडतो. क्रोममध्ये वेबपानांसाठी वेगळी पट्टी आहे, `Accessibility` मध्ये. व्हॉट्सअॅपची स्वतःची आहे, आणि पुस्तकांच्या अॅपची चौथी. वेगवेगळे चार-पाच लोक एकाच फोनवर ‘मी आकार वाढवला, काही झालं नाही’ अशी तक्रार का करतात, याचं उत्तर एवढंच आहे. किंडलवर 2016 पासून मराठी पुस्तकं मिळतात आणि त्यात आकार, ओळींमधलं अंतर, समास हे सगळं वाचकाच्या हातात असतं. ओळींमधलं अंतर रोमन वाचकाला नसलं तरी चालतं. आपल्याला नाही चालत. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकला की नजर ओळ चुकते, आणि तीच ओळ दोनदा वाचली जाते.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या कात्रणांची गोष्ट वेगळी. वर्तमानपत्राचं पान पाठवताना फोटो दाबला जातो, आणि मग ते कितीही मोठं केलं तरी अक्षराच्या कडा विरघळलेल्या राहतात. विरघळलेल्या कडेवर डोळ्याला नजर ठरवता येत नाही, तो सतत पुढे-मागे करत राहतो. पाठवणाऱ्याला सांगावं की फोटो म्हणून न पाठवता `Document` म्हणून पाठव. रात्रीच्या वाचनात याएवढा फुकटचा फायदा दुसरा नाही.

यानंतर उजेड. आपल्या घरांत रात्री वाचणारा बहुधा एकटा जागा असतो. बाकीचे झोपलेले, दिवा बंद, आणि काळोखात एक झगमगता आयत. कधी हेस्कॉमची लाइट गेलेली असते आणि पर्यायच नसतो. अशा खोलीत डोळ्याची बाहुली एकाच वेळी दोन हुकूम ऐकत असते: भोवतीचा काळोख तिला मोठं हो म्हणतो, पडदा लहान हो म्हणतो. पडद्याची ब्राइटनेस कमी करणं हा झाला अर्धा उपाय. उरलेला अर्धा म्हणजे वाचणाऱ्याच्या मागे किंवा बाजूला, भिंतीकडे तोंड केलेला एक लहान दिवा, ज्याचा उजेड भिंतीवरून परतून येईल आणि काचेवर चमकणार नाही. ब्राइटनेस किती हवी याची चाचणी जुनीच आहे: फोनच्या शेजारी त्याच दिव्याच्या उजेडात कोरा कागद धरायचा. फोनचं पांढरं पान कागदापेक्षा दिव्यासारखं वाटलं तर ब्राइटनेस जास्त. कागदापेक्षा मळकट वाटलं तर कमी.

पूर्ण काळोखात फोनची सगळ्यांत कमी ब्राइटनेसही जास्त होते. अँड्रॉइड 12 पासून `Extra dim` नावाची सोय त्यासाठीच आहे, आणि आयफोनवर `Reduce White Point`. काही ओएलईडी पडदे ब्राइटनेस अगदी खाली नेली की स्वतःला सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू करून उजेड कमी भासवतात. बहुतेकांना ते जाणवत नाही. काहींचं डोकं मात्र अर्ध्या तासात चढतं. दुसऱ्या फोनचा कॅमेरा पडद्यावर धरल्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर हे चालू आहे असं समजावं. तेव्हा ब्राइटनेसची पट्टी थोडी वर ठेवून बाकीचं काम `Extra dim` कडून करून घ्यावं.

आणि कूस. एका कुशीवर झोपून, एक डोळा उशीत दाबून वाचण्याची सवय पुष्कळांना असते. 2016 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी दोन स्त्रियांची हकिगत छापली. त्यांना रात्री अधूनमधून एका डोळ्याने काही मिनिटं दिसेनासं व्हायचं. तपासण्या झाल्या, काही सापडलं नाही. शेवटी कळलं की वाचणारा डोळा उजेडाला सरावलेला असे आणि उशीतला अंधाराला; फोन बाजूला ठेवल्यावर उजेडाला सरावलेल्या डोळ्याला काळोखात काही दिसत नसे. अपाय नाही, पण घाबरायला पुरेसं. दोन्ही डोळ्यांनी वाचलं की हा प्रकार होत नाही.

आता डार्क मोड. 2019 मध्ये अँड्रॉइड 10 आणि आयओएस 13 यांनी तो सगळ्या फोनभर आणला, आणि तेव्हापासून तो डोळ्यांचा उपाय म्हणून ओळखला जाऊ लागला. प्रयोगांतून जे दिसतं ते वेगळं आहे. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ विद्यापीठातल्या पीपेनब्रॉक, मायर, मुंड आणि बुखनर यांनी 2013 मध्ये तरुण आणि वयस्क अशा दोन्ही गटांना मजकूर वाचायला दिला. दोन्ही गटांची कामगिरी पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत सरस ठरली. कारण बाहुलीत आहे. उजळ पानासमोर बाहुली आकसते, आणि लहान भोकातून येणारी प्रतिमा अधिक रेखीव असते. काळ्या पानासमोर ती पसरते, भिंगाच्या कडेचा ओबडधोबड भागही कामाला लागतो, आणि अक्षर किंचित पसरतं. मोठ्या अक्षरात ते कळत नाही. लहान अक्षरात कळतं.

देवनागरीत हे पसरणं नेमकं नको तिथे होतं. काळ्यावर पांढरं अक्षर आपल्या जाडीपेक्षा जाड भासतं. मग अनुस्वाराचं टिंब शिरोरेषेत मिसळतं, ‘ध’ची गाठ भरून जाते, ‘क्ष’ नुसता गोळा होतो. त्यातून डोळ्याला सिलिंडरचा नंबर असेल आणि चष्मा नसेल, किंवा जुना असेल, तर प्रत्येक रेघेला एका बाजूने सावली लागते. ही चाचणी घरी करावी. डार्क मोडमध्ये एखादं पांढरं अक्षर आधी उजव्या, मग डाव्या डोळ्याने पाहायचं. रेघेला शेपूट दिसली, आणि पांढऱ्या पानावर ती नाहीशी झाली, तर डार्क मोड तुमच्यासाठी नाही. नंबर तपासून घ्यावा. दुसरी खूण अशी की वाचून झाल्यावर भिंतीकडे पाहिलं तर तिथेही आडव्या पट्ट्या तरंगतात. त्या ओळींच्याच छाया असतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक फार तीव्र आहे एवढंच त्यांचं सांगणं, आणि ब्राइटनेस खाली आणली की त्या जातात.

याचा अर्थ डार्क मोड फेकून द्यावा असा नाही. पूर्ण काळोखात, शेजारी लहान मूल झोपलेलं असताना, ज्याच्याकडे दिवा लावायची सोय नाही त्याला तो हवाच, कारण तिथे प्रश्न एकूण उजेडाचा आहे. तो वापरताना तीन गोष्टी पाळाव्यात असं पुस्तिका म्हणते, आणि तिन्ही वर सांगितलेल्या पसरण्यातूनच निघतात. अक्षर आणखी एक पायरी मोठं करायचं. बारीक रेघेचा फॉन्ट टाळायचा, पण ठसठशीत काळाही घ्यायचा नाही, कारण तो पसरून भरून जातो. आणि शक्य तिथे निखळ काळ्याऐवजी गडद राखाडी पार्श्वभूमी निवडायची. गूगलने आपल्या डिझाइन-नियमांत डार्क थीमसाठी `#121212` ही छटा सुचवली आहे, ती पूर्ण काळी नाही, राखाडी आहे. बऱ्याच वाचन-अॅपमध्ये काळा आणि राखाडी असे दोन पर्याय असतात. स्कॅन केलेल्या नोट्स उलट्या रंगात दाखवण्याची सोयही पीडीएफ अॅपमध्ये असते, पण मग नकाशे आणि आकृत्या निगेटिव्ह होतात, आणि लाल शाईने केलेल्या खुणा निळसर-हिरव्या दिसतात. जीवशास्त्राच्या नोट्सना ती लावू नये.

एका गटाला मात्र डार्क मोड खरोखर वरदान ठरतो, आणि तो गट फोन सगळ्यांत कमी हाताळतो. मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन लेग आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये दाखवलं की ज्यांच्या डोळ्यातलं भिंग किंवा पारपटल धुरकट झालं आहे ते काळ्यावर पांढरं जास्त वेगाने वाचतात. मोतीबिंदूच्या भिंगात उजेड विखुरतो. पांढरं पान म्हणजे विखुरणाऱ्या उजेडाचा पूर, आणि त्यात अक्षर बुडतं. काळ्या पानात विखुरायला उजेडच थोडा. म्हणजे ज्या आजोबांच्या शस्त्रक्रियेला अजून अवकाश आहे त्यांच्या फोनवर डार्क मोड मोठ्या अक्षरासह लावावा, आणि ज्या नातवाने तो हौसेने लावला आहे त्याने काढून पाहावा.

पिवळ्या छटेविषयी थोडक्यात. तिचा डोळ्यांच्या थकव्याशी संबंध फार कमी आहे. निळा उजेड गाळणाऱ्या चष्म्यांचा आढावा कॉक्रेनने 2023 मध्ये 17 चाचण्यांवरून घेतला, आणि साध्या चष्म्याच्या तुलनेत डोळ्यांचा ताण कमी होतो असं त्यांना आढळलं नाही. निळ्या उजेडाचा संबंध झोपेशी आहे. डोळ्यातल्या काही पेशी दृश्य दाखवण्याऐवजी दिवस-रात्र ओळखतात, आणि त्या निळसर उजेडाला सर्वांत जास्त दाद देतात. हार्वर्डच्या चांग आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात 12 जणांनी पाच रात्री झोपण्याआधी चार-चार तास उजळ टॅबलेटवर वाचलं. कागदी पुस्तक वाचलेल्या रात्रींच्या तुलनेत त्यांना झोप लागायला सरासरी दहा मिनिटं उशीर झाला. ब्राइटनेस त्या वेळी पूर्ण होती. दहा मिनिटांसाठी पिवळा पडदा लावायचा असेल तर लावावा, पण रंगीत आकृत्या वाचताना तो काढावा, आणि त्यामुळे डोळे चुरचुरायचे थांबतील अशी अपेक्षा ठेवू नये.

कारण चुरचुर बहुतेक वेळा कोरडेपणाची असते. त्सुबोटा आणि नाकामोरी या जपानी डॉक्टरांनी 1993 मध्ये पापण्यांची उघडझाप मोजली. निवांत बसलेला माणूस मिनिटाला सरासरी 22 वेळा, पुस्तक वाचणारा 10 वेळा, पडद्यासमोर बसलेला 7 वेळा पापणी मिटतो. अश्रूंचा पातळ थर तेवढ्यात वाळतो, वाळल्यावर अक्षर धूसर दिसतं, आणि धूसर दिसलं की माणूस डोळे आणखी ताणून, आणखी न मिटता पाहतो. यातून बाहेर पडायला सेटिंग नाही. मोठं अक्षर थोडी मदत करतं, आणि फोन डोळ्यांच्या पातळीखाली धरला तर पापणी अर्धी झाकलेली राहते आणि डोळ्याचा उघडा भाग कमी होतो. उताणं पडून फोन वर धरणारा याच्या नेमकं उलट करतो. टेबलफॅन तोंडावर असेल तर तो वळवावा. एक परिच्छेद संपला की दोन-तीनदा पापण्या पूर्ण मिटाव्यात, वरची खालच्या पापणीला टेकेल इतक्या. घाईत आपण त्या अर्ध्याच मिटतो. चुरचुर आणि धूसरपणा पापणी मिटल्यावर क्षणभर गेला तर तो कोरडेपणा. मिटूनही गेला नाही तर नंबर पाहायला हवा. आणि दिव्याभोवती रंगीत वलयं दिसून डोळा दुखायला लागला, किंवा अचानक पडदा पडल्यासारखं झालं, तर ही पुस्तिका मिटून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावं.

शेवटची गोष्ट एका फोनच्या घरांविषयी, कारण आपल्याकडे ती पुष्कळ आहेत. रात्री नऊला मुलगी, दहाला मुलगा, पहाटे आजोबा. प्रत्येकाला वेगळं अक्षर, वेगळी पार्श्वभूमी. दर वेळी सेटिंगमध्ये खोल जायला लागलं तर कुणीच बदलत नाही, आणि ज्याने शेवटी लावलं त्याचं सगळ्यांना भोगावं लागतं. वरून बोट ओढल्यावर जी बटणं उतरतात, त्यांत पेन्सिलचं चिन्ह दाबून डार्क थीम, `Extra dim` आणि, अँड्रॉइड 14 किंवा त्यापुढचा फोन असेल तर, फॉन्टच्या आकाराचं बटणही पहिल्या रांगेत आणून ठेवता येतं. दोन मिनिटांचं काम आहे. पुस्तिकेचं पहिलं प्रकरण तिथूनच सुरू होतं.